डावीकडे डोंबिवली, उजवीकडे जर्सी

२०२० च्या गणेशोत्सवात अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांचे कार्यक्रम सभागृहातून उठून पडद्यावर आले आणि आमच्यासारख्या ध्वनिसंकलन करणाऱ्यांच्या वाट्याला एक नवंच काम आलं. गायिका काकू डोंबिवलीत, गायक काका न्यू जर्सीत आणि गाणं मात्र युगुलगीत. दोघांनी आपापल्या घरी फोनवर गाऊन पाठवायचं आणि आम्ही दोन चौकटी शेजारी शेजारी लावून ते एकत्र गाताहेत असं भासवायचं.

वेगवेगळं गाऊन युगुलगीत जुळवणं ही काही लॉकडाऊनची देणगी नव्हे. फ्रँक सिनात्राच्या १९९३ च्या 'ड्युएट्स' या अल्बममध्ये त्याच्याबरोबर गाणारा एकही कलाकार त्याच्यासोबत स्टुडिओत उभा राहिला नव्हता. पण तिथे पदरी अख्खा स्टुडिओ होता. इथे काकूंचा फोन डाळीच्या डब्याला टेकवलेला.

"मग झूमवर एकत्रच का नाही गाऊन टाकत?" हे मंडळाच्या सेक्रेटरींनी विचारलंच. सगळेच विचारतात. अमेरिकेपर्यंत आवाज जायला आणि तिथून परत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात काकूंची ओळ काकांना उशिरा पोचते, काका त्यावर धरतात, ते काकूंना आणखी उशिरा ऐकू येतं. दोघंही एकमेकांसाठी थांबत राहतात आणि दोन ओळींत लय ढासळते. बोलण्यात हा उशीर खपून जातो, तालात नाही.

म्हणून ट्रॅक आधी बनवायचा आणि दोघांना तोच पाठवायचा. गाणं जुन्या वळणाचं भावगीत, केहरवा, मिनिटाला ९६ मात्रा. काकूंना काळी पाच हवी होती, काकांना तिथे वरचा पंचम ओढून आणावा लागत होता, शेवटी काळी चारवर तह झाला. पेटी-तबल्याच्या ट्रॅकच्या आधी मी आठ टिकटिक घातल्या आणि गाणं संपल्यावर पुन्हा आठ. सूचना अशी की पहिल्या चार नुसत्या ऐका, पुढच्या चारांवर कॅमेऱ्यासमोर टाळ्या द्या, शेवटीही तसंच.

"अरे, शेवटी कशाला टाळ्या? आपलेच आपण वाजवायच्या होय?" काकूंनी फोनवर विचारलं.

"काकू, त्या तुमच्यासाठी नाहीत, माझ्यासाठी आहेत."

चित्रपटाच्या सेटवर पाटी आपटतात ती चित्र आणि आवाज एकमेकांना जुळवायला. आमच्या टाळीचं काम वेगळं आहे. फोन चित्र आणि आवाज एकत्रच टिपतो, तिथे सहसा प्रश्न नसतो. प्रश्न असतो तो गायकाच्या कानात ट्रॅक नेमका कधी पोचला याचा. गायक ज्या क्षणी ऐकतो त्या क्षणाला धरून गातो. कानात ट्रॅक उशिरा आला तर गाणंही तेवढंच उशिरा येणार, आणि ते त्याला स्वतःला कधीच कळणार नाही, कारण त्याच्या कानात सगळं तालातच आहे. ट्रॅक सुरू होण्याआधी कधीतरी वाजवलेली एकच टाळी हा उशीर दाखवत नाही. टिकटिकीवर दिलेली टाळी दाखवते, कारण तीही त्याच कानाने ऐकून दिलेली असते.

टाळ्या चार घ्यायच्या, कारण पहिली बहुतेकांची चुकते. बाकीच्या तीनही एकाच जागी पडत नाहीत, वीस-तीस मिलिसेकंदांचा फरक राहतो, आणि टिकटिकीसोबत टाळी देताना माणूस किंचित आधीच देतो. म्हणून मधली जागा धरायची. टाळी तुम्हाला घराच्या दारापर्यंत सोडते, आत कानानेच जावं लागतं.

काकूंची फाइल आधी आली. आली ती व्हॉट्सॅपवर साधा व्हिडिओ म्हणून, म्हणजे दाबून बारीक झालेली. तीच पुन्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लावली. त्यांच्या कानात मुलाचे वायरचे इयरफोन होते, टाळ्या टिकटिकीच्या जेमतेम वीस मिलिसेकंद पुढे. गाणं ट्रॅकवर ठेवलं आणि बसलं. पण दुसऱ्या अंतऱ्यात पाहतो तर ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. आवाज तालात होता, चित्रच पुढे पळत होतं.

ही फोनची खोड आहे. फोन सेकंदाला ३० चौकटी टिपतो असं आपण म्हणतो, पण प्रकाश कमी झाला की पुष्कळ फोन एकेका चौकटीला जास्त वेळ देतात आणि त्यांची संख्या घटवतात. काकू संध्याकाळी गायला बसल्या होत्या. दिवेलागणीनंतर चौकटी कमी होत गेल्या. फोनवर फाइल बरोबर दिसते, कारण प्रत्येक चौकटीवर तिची वेळ लिहिलेली असते. काही संकलन प्रणाली ती वेळ न बघता सरसकट ३० धरतात आणि तिथे चित्र-आवाजाची फारकत होते. मीडियाइन्फो या छोट्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली की `Frame rate mode` समोर `Variable` लिहिलेलं दिसतं. ते दिसलं की संकलनाला हात लावायच्या आधी फाइल एकसारख्या चौकटींची करून घ्यायची:

```
ffmpeg -i kaku.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -c:a copy kaku_30.mp4
```

यात आवाजाला धक्का लागत नाही, तो जसाच्या तसा उचलला जातो. चित्रात जिथे चौकटी कमी पडल्या तिथे आधीचीच पुन्हा ठेवली जाते. काकूंच्या हाताची हालचाल किंचित अडखळते, पण गाताना त्यांचा हात मांडीवरच असतो, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

खरी गंमत काकांच्या फाइलमध्ये होती. काकांनी हौसेने नवे बिनवायरचे इअरबड्स लावले होते. ट्रॅक लॅपटॉपवर, आवाज ब्लूटूथवरून कानात. टाळ्या बघितल्या तर टिकटिकीच्या २१० मिलिसेकंद मागे. ९६ च्या लयीत एक मात्रा ६२५ मिलिसेकंदांची, म्हणजे काका मात्रेच्या एक तृतीयांश मागून गात होते. नुसतं ऐकलं असतं तर कोणीही म्हटलं असतं, काकांचा ताल कच्चा आहे. ताल पक्का होता, ब्लूटूथ कच्चं होतं. सगळी फाइल २१० मिलिसेकंद आधी आणली आणि मुखडा असा बसला की काकूंच्या ओळीनंतर काकांची ओळ हातात हात घातल्यासारखी आली.

मग शेवटच्या टाळ्या बघितल्या. त्या अजूनही ९० मिलिसेकंद मागे होत्या.

इथे घाई करणारा माणूस फाइल थोडी आक्रसून घेतो. चार मिनिटांत ९० मिलिसेकंद वाढलेत ना, मग तेवढा वेग वाढवा आणि मोकळे व्हा. माझ्या हाताखालचा मुलगा तेच करायला निघाला होता. पण दोन यंत्रांची घड्याळं मागेपुढे झाल्यामुळे पडणारा फरक इतका मोठा नसतो. चार मिनिटांच्या गाण्यात तो दहा-बारा मिलिसेकंदांच्या वर सहसा जात नाही. ९० म्हणजे मध्येच कुठेतरी उडी आहे. फरक हळूहळू वाढला असेल तर फाइल ताणून किंवा आक्रसून चालतं. उडी असेल तर आक्रसल्याने अर्धं गाणं बिघडतं आणि उरलेलं अर्धं सुधारतही नाही.

उडी शोधायची कशी? काकांच्या फाइलमध्ये तबला ऐकू येत नव्हता, इअरबड्समधून बाहेर काही सांडतच नाही. गाण्याच्या शब्दांवरून सांगता येईना, कारण भावगीत गाणारा माणूस शब्द मुद्दाम मागेपुढे टाकतो. शेवटी चित्र मदतीला आलं. काका गाताना उजव्या हाताच्या बोटांनी टेबलावर ताल धरत होते. आवाज येत नव्हता, पण तर्जनी टेबलाला टेकताना स्पष्ट दिसत होती. ट्रॅकची सम आणि तर्जनी, चौकट-चौकट पुढे सरकत बघत गेलो. पहिला अंतरा संपेपर्यंत बोट समेवर. मधल्या पेटीच्या तुकड्यात काका पाणी प्यायला उठून जातात, परत येऊन बसतात, आणि त्यानंतर बोट जवळजवळ तीन चौकटी उशिरा टेकतं.

फोन करून विचारलं. म्हणाले, "हो हो, आत गेलो तेव्हा कानात जरा तुटल्यासारखं झालं, मग आलं परत." लॅपटॉपपासून लांब गेल्यावर जोडणी क्षणभर तुटली आणि पुन्हा जुळताना उशीर २१० वरून ३०० वर गेला. काकांच्या दृष्टीने काहीच घडलं नव्हतं.

एकदा जागा सापडली की दुरुस्ती सोपी असते. काका गप्प असतानाच काप घ्यायचा आणि पुढचा सगळा भाग ९० मिलिसेकंद आधी आणायचा. चित्रातूनही तीन चौकटी काढायच्या. तीन चौकटी म्हणजे १०० मिलिसेकंद, वरच्या दहाचा फरक डोळ्यांना कळत नाही. दूरचित्रवाणीचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात की आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला तर माणसाला जाणवायला लागतं, मागे मात्र १२५ पर्यंत चालून जातं. विजेनंतर गडगडाट ऐकायची आपल्याला सवय आहे, उलटं कधी होत नाही. म्हणून ओठांची जुळणी करताना शंका आली तर आवाज कणभर मागे ठेवावा, पुढे नको. कापाच्या जागी काका खुर्चीवर टुणकन उडी मारल्यासारखे दिसत होते. तिथे दोन सेकंद काकूंची चौकट पूर्ण पडदाभर केली. मंडळाकडून नंतर निरोप आला की मध्ये काकूंचा तो क्लोज-अप फार छान घेतलाय.

मुलाने दुसरा एक उद्योग करून ठेवला होता. काकूंची प्रत्येक ओळ उचलून तिचा पहिला शब्द नेमका मात्रेवर आणून ठेवला. पडद्यावर सगळं कसं रांगेत. ऐकलं तर काकू पाढे म्हणताहेत. काकू समेच्या जरा मागून शब्द ठेवतात, तीच त्यांची गायकी. ते सगळं पुसून मूळ जागी आणलं. यंत्रामुळे झालेला उशीर काढायचा, गायिकेने घेतलेला उशीर ठेवायचा, एवढं मी त्याला सांगितलं.

जिथे दोघं एकत्र गातात त्या ओळींना मात्र हा नियम पुरत नाही. तिथे एकाला प्रमाण मानावं लागतं. मी काकूंना मानलं आणि काकांची ओळ शब्दागणिक तोडून सरकवली. वीस-तीस मिलिसेकंदांचा फरक राहिला तर बिघडत नाही, उलट दोन माणसं गाताहेत हे त्यानेच कळतं. पन्नासच्या पुढे गेला की 'त', 'क', 'प' यांसारखी कडक व्यंजनं दोनदा वाजतात. पडद्यावरच्या ध्वनिरेषेत ही व्यंजनं उभ्या कड्यासारखी दिसतात, म्हणून जुळवायला तीच धरावीत. 'म' आणि 'ल' हळूच आत शिरतात, त्यांची सुरुवात नेमकी कुठे ते डोळ्यांना सापडत नाही. ओळीच्या शेवटी 'स' किंवा 'श' असेल तर जुळवायचा खटाटोपच करू नये. एकाचा ठेवावा, दुसऱ्याचा आवाज तेवढ्यापुरता खाली घ्यावा. ऐकणाऱ्याला दोघांचा वाटतो.

वेळ जुळली, आता पातळी. इथे दोन्ही घरं मध्ये आली.

काकूंनी हॉलमध्ये गायलं होतं. फरशी, उघड्या भिंती, फोन चार-पाच फुटांवर. काका गालिचाच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाला पाठ लावून, फोन हाताच्या अंतरावर. काकूंचा आवाज वाढवला की हॉलचा घुमारा सोबत वाढे. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने घटतो, घुमारा मात्र खोलीभर साधारण तेवढाच राहतो, त्यामुळे लांबचा आवाज नुसता मोठा करून जवळ येत नाही. घुमारा पुरता काढता येत नाही म्हणून कोरड्याला ओलं करायचं. काकांच्या आवाजाला थोडा घुमारा दिला, काकूंच्या हॉलएवढा नाही, त्याच्या जवळ जाणारा. दोघं एका खोलीत आले.

शिवाय काकूंचा फोन आपला शहाणपणा चालवत होता. आवाज बारीक झाला की फोन स्वतःहून वाढवतो, मोठा झाला की दाबतो. याची खूण ओळ संपल्यावर सापडते. काकू थांबल्या की एक-दोन सेकंदांत पंख्याची घरघर पुढे येते, पुढची ओळ सुरू झाली की मागे जाते. यावर कॉम्प्रेसर लावला तर पंखा आणखी माजतो. म्हणून आधी ओळीओळीची पातळी हातानेच खालीवर केली, ओळींमधली जागा खाली ओढली आणि मग हलकासा कॉम्प्रेसर लावला. कंटाळवाणं काम आहे, पण याला आडवाट नाही.

मीटरवर दोघं समान आले. पहिली प्रत दोन्ही घरांना पाठवली. रात्री काकूंच्या यजमानांचा फोन, "छान झालंय हो, पण हिचा आवाज जरा कमी येतोय का?" सकाळी उठून बघतो तर जर्सीहून मेसेज, "अप्रतिम! फक्त काकांचा आवाज थोडा वाढवता येईल का?" साडेनऊ तासांच्या अंतरावर एकच तक्रार, दोन दिशांनी.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हती. जर्सीत काकांच्या पत्नी गाणं फोनच्या स्पीकरवर ऐकत होत्या. फोनचा इवलासा स्पीकर खर्ज वाजवतच नाही, आणि काकांचा आवाज भरदार, त्याचं वजन सगळं खाली. मोठ्या स्पीकरवर जो आवाज मीटरप्रमाणे समान होता त्याचा तळच फोनवर गळून पडत होता. नुसती पातळी वाढवली असती तर मोठ्या स्पीकरवर काका काकूंवर बसले असते. म्हणून पातळी तशीच ठेवून दोन-तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात काकांना दोन डेसिबल दिले. शब्द तिथे ऐकू येतात, आणि फोन तो पट्टा नीट वाजवतो.

काकूंच्या यजमानांचं प्रकरण निराळं होतं. मंडळाच्या एका उत्साही सभासदांचा आग्रह होता की डावीकडच्या चौकटीतला आवाज पूर्ण डाव्या कानात आणि उजवीकडचा पूर्ण उजव्या कानात यावा. मी नको म्हणत होतो, पण पहिल्या प्रतीत त्यांच्या मनासारखं झालं. यजमान बाजारातून येताना एकाच कानात इयरफोन घालून गाणं ऐकत आले होते, आणि तो कान उजवा होता. काकू कमी येत होत्या असं नाही, जवळजवळ येतच नव्हत्या. दुसऱ्या प्रतीत दोघांना मधोमध आणून जेमतेम पंधरा टक्के आपापल्या बाजूला झुकवलं. एका कानानेही दोघं ऐकू येतात आणि दोन्ही कानांनी ऐकलं तर बाजू कळते. सभासदांनी त्यानंतर काही विचारलं नाही.

एकत्र गायलेल्या ओळींत समानता आणखी फसवी असते. तिथे काकूंकडे मूळ चाल होती आणि काका खालून साथ करत होते. दोघं समान ठेवले तर कान गोंधळतो, नेमकं कोणाच्या मागे जायचं ते त्याला कळत नाही. त्या ओळींपुरते काका दोन डेसिबल खाली घेतले. शेवटच्या ओळीत चाल काकांकडे येते, तिथे उलटं केलं. मग स्पीकरचा आवाज इतका कमी केला की गाणं जेमतेम ऐकू यावं, आणि मान फिरवून पडद्याकडे न बघता ऐकलं. पडदा समोर असला की ज्याचं तोंड हलतंय तो मोठा वाटतो. अगदी बारीक आवाजात जो आधी नाहीसा होतो तो खरोखर कमी आहे. मुखड्यात काकू आधी जात होत्या, त्यांना एक डेसिबल दिला. तेवढाच.

सगळं झाल्यावर एक भानगड उरली. काकू डावीकडे आणि काका उजवीकडे ठेवले तर दोघं एकमेकांकडे पाठ केल्यासारखे बाहेर बघत होते. मुलाने काकूंची चौकट आरशासारखी उलटी केली. नजर आत आली, पण मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर उलटं झालं आणि पदर उजव्या खांद्यावर गेला. डोंबिवलीत पदर चुकलेला कोणीही ओळखतं. चौकट पुन्हा सुलटी केली आणि कापतानाच काकूंना चौकटीच्या डाव्या कडेला घेतलं, म्हणजे त्या ज्या बाजूला बघतात तिथली मोकळी जागा गेली आणि नजर समोर असल्यासारखी वाटू लागली. काकांना तसंच उजव्या कडेला घेतलं. एकमेकांकडे बघत नाहीत, पण रुसलेलेही वाटत नाहीत.

कार्यक्रम झाला. दिवाळीसाठी दुसरं गाणं ठरलं तेव्हा काकांना आधीच बजावलं की या वेळी वायरचेच इयरफोन लावा. त्यांनी आणले, आणि लगेच फोन केला, "अरे, माझ्या फोनला ते भोकच नाहीये!" म्हटलं, काका, फोनला नका लावू. ट्रॅक लॅपटॉपवर, वायर लॅपटॉपला, फोन फक्त टिपायला. आणि पाण्याची बाटली जवळ घेऊन बसा.